निवेदन सुरू झालं की संगीताने किती खाली जायचं?

भरली वांगी कशी करायची, असा एक आठ मिनिटांचा व्हिडिओ समजा. ताई निवेदन करतायत, मागे बासरी आणि गिटारचं संगीत आहे, आणि फोडणीची तडतड, झाकण ठेवल्याचा आवाज, शेवटी वाफ असे काही खास आवाज आहेत. म्हणजे एडिटिंगच्या टेबलावर तीन प्रकारचे ट्रॅक झाले. तिन्ही वेगवेगळे ऐकले तर झकास. एकत्र लावले की खाली प्रतिक्रिया येते, "म्युझिक खूप मोठं आहे, ताई काय बोलल्या ते कळलं नाही." मग संगीत कमी करावं, तर दुसरं कोणी लिहितं की व्हिडिओ फार सुना वाटतो.

दोघांचंही खरं असतं. संगीताची एकच पातळी ठरवून ते आठ मिनिटं तिथेच ठेवायचं म्हटलं, तर यातला एक जण नाराज राहणारच. ताई बोलत असताना संगीत खाली हवं, त्या थांबल्या की वर हवं. एडिटिंगच्या भाषेत याला डकिंग म्हणतात. रेडिओवर एके काळी हे काम माणूसच करायचा, निवेदक बोलायला लागला की संगीताची सरकपट्टी, म्हणजे फेडर, हाताने खाली. आता सॉफ्टवेअर करतं. पण त्याला नुसतं 'कर' म्हटलं तर ते जे करतं त्याने प्रश्न निम्माच सुटतो, आणि उरलेला निम्मा आधीपेक्षा विचित्र होतो. तो का होतो, हेच इथे बघू.

उंच शिखर म्हणजे मोठा आवाज नव्हे

आधी मोजमाप. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकशेजारी वर-खाली उड्या मारणारी हिरवी-पिवळी पट्टी असते. ती आवाजाचं शिखर, म्हणजे पीक दाखवते. डिजिटल आवाजात शून्य डेसिबल हे छत असतं. त्यावर काही जात नाही, गेलं तर फाटतं. म्हणून सगळे आकडे उणे असतात.

निवेदनाचं पीक उणे ३ आहे आणि संगीताचंही उणे ३ आहे, तर दोन्ही सारखेच मोठे ऐकू येतील असं वाटतं. तसं होत नाही. बोलण्यात 'ट', 'क', 'प' अशा अक्षरांना क्षणभर टोकदार शिखर येतं आणि मधला भाग बराच खाली असतो. शब्दाशब्दांत फटी असतात. आजकालचं तयार संगीत मात्र दाबून, सपाट करून दिलेलं असतं. शिखर तेवढंच, पण ते सतत त्या शिखराच्या जवळ असतं. कानाला क्षणाचं शिखर फारसं मोठं वाटत नाही, सतत येणारी ताकद मोठी वाटते. त्यामुळे पट्टी दोघांना सारखं दाखवते आणि कान म्हणतो संगीत कितीतरी मोठं आहे.

यासाठी वेगळं माप आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली BS.1770 नावाचं मानक काढलं. त्यावर आधारलेल्या मापाचं एकक मीटरवर LUFS असं दिसतं. आपण एलयूएफएस म्हणू. हे माप आवाजाची सरासरी ताकद काढतं. तसं करताना अगदी खालच्या, घुमणाऱ्या स्वरांना कमी वजन देतं आणि वरच्या स्वरांना थोडं जास्त, कारण आपला कानही साधारण तसाच ऐकतो. शिवाय ते शांत तुकडे मोजणीतून वगळतं. आधी जवळजवळ नीरव भाग काढतं आणि मग जे उरलं त्याच्या सरासरीपेक्षा १० एककांहून जास्त खाली असलेला भागही बाजूला ठेवतं. म्हणून ताई वाक्यांमध्ये कितीही थांबल्या तरी आकडा बोलण्याचाच येतो, शांततेमुळे खोटा खाली जात नाही.

मीटरवर तीन आकडे दिसतील. मोमेंटरी म्हणजे गेल्या ४०० मिलिसेकंदांचा, शॉर्ट-टर्म म्हणजे गेल्या तीन सेकंदांचा आणि इंटिग्रेटेड म्हणजे सुरुवातीपासून आतापर्यंतचा. ट्रॅकची तुलना करताना इंटिग्रेटेड बघा. एखाद्या वाक्याला काय झालंय ते शोधताना शॉर्ट-टर्म.

आकडे मांडू

आपल्या व्हिडिओत निवेदन आधी लावायचं. बाकी सगळं त्याच्या हिशेबाने. उलटं करू नका. आधी आवडतं संगीत छान ऐकू येईल असं ठेवून त्यावर आवाज चढवायला गेलात, की छत आडवं येतं आणि आवाज फाटायला लागतो.

ताईंचं निवेदन स्वच्छ करून, थोडं सपाट करून उणे १६ एलयूएफएसवर आणलं. संगीताची फाईल डाउनलोड केली तेव्हा उणे १० वर होती. म्हणजे काहीच न करता ते निवेदनापेक्षा ६ डेसिबल मोठं आहे. आता दोन जागा ठरवायच्या. ताई गप्प असताना, वांगी तेलात परतली जात असताना, संगीत उणे २४ वर असू दे. ताई बोलत असताना उणे ३६ वर. म्हणजे संगीताचा फेडर कायमचा १४ डेसिबल खाली, आणि बोलणं आलं की आणखी १२ डेसिबल खाली.

उणे ३६ कुठून आला? निवेदन आणि पार्श्वसंगीत यांत २० डेसिबलचं अंतर पडावं म्हणून. वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीची WCAG नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांतल्या १.४.७ या निकषात हाच आकडा आहे. पार्श्वभूमीचा आवाज बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबल खाली असावा, एखाद-दोन सेकंदांचे अधूनमधून येणारे आवाज तेवढे चालतील. हा निकष सर्वांत कडक पातळीवरचा आहे, सक्तीचा असा नाही, आणि पुष्कळ चांगल्या व्हिडिओंत अंतर १५-१६ च असतं. पण पाककृतीच्या व्हिडिओत माप चुकीचं ऐकू आलं तर भाजी बिघडते. शिवाय बघणाऱ्यांत साठीच्या पुढची मंडळी भरपूर. वय वाढतं तसे आधी वरचे स्वर ऐकू येईनासे होतात, आणि मागे दुसरा आवाज असला की शब्द वेगळे काढणं कठीण जातं. त्यामुळे मी इथे २० च धरतो. प्रवासाच्या किंवा गडभ्रमंतीच्या व्हिडिओला १५ ठेवायला माझी हरकत नसते.

सॉफ्टवेअरमध्ये डेसिबलऐवजी टक्के असतील, जसे मोबाईलवरच्या बऱ्याच ॲपमध्ये असतात, तर एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवा. निम्मे टक्के केले की ६ डेसिबल जातात, पाव केले की १२, आणि दहा टक्क्यांवर आणलं की २०. सरकपट्टी सरळ प्रमाणात चालत असेल तरच हे लागू. काही ॲपमध्ये ती तशी नसते, तिथे मीटरलाच विचारावं.

आपोआप खाली करणारे दोन प्रकार

डकिंग करणारी साधनं दोन जातींची आहेत आणि ती फार वेगळी वागतात.

पहिली जात आधी निवेदनाचा पूर्ण ट्रॅक वाचते, कुठे बोलणं आहे आणि कुठे नाही ते ठरवते आणि संगीताच्या पातळीत तेवढ्या जागी ठरलेला खड्डा पाडते. ऑडॅसिटीतलं Auto Duck असं चालतं. त्यात संगीताचा ट्रॅक निवडायचा आणि निवेदनाचा ट्रॅक बरोबर त्याच्या खाली ठेवायचा. मध्ये तिसरा ट्रॅक आला तर ते चुकीच्या ट्रॅकचं ऐकतं. प्रीमिअर प्रोमध्ये Essential Sound पॅनेलमध्ये क्लिपला Dialogue किंवा Music अशी ओळख देऊन, Ducking चालू करून Generate Keyframes दाबलं की संगीतावर वर-खाली होणारे बिंदू तयार होतात. ते नंतर हाताने हलवता येतात.

दुसरी जात म्हणजे साइडचेन कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर म्हणजे आवाज एका उंबरठ्याच्या वर गेला की त्याला ठरलेल्या प्रमाणात दाबणारं यंत्र. एरवी तो स्वतःच्याच आवाजाकडे बघून स्वतःला दाबतो. साइडचेनमध्ये तो बघतो निवेदनाकडे आणि दाबतो संगीताला. हा आधी काही वाचत नाही. आत्ता कानावर आलं तेवढंच त्याला माहीत. थेट प्रक्षेपणात म्हणूनच हाच चालतो.

आता या दुसऱ्या जातीची एक खोड. ती समजली की ज्याला लोक 'ऑटो डकिंग बेकार आहे' म्हणतात त्यातलं बरंचसं उलगडतं.

उंबरठा उणे ३४ डेसिबलवर ठेवला आणि प्रमाण ४ ला १. ताईंचा आवाज या यंत्राला उणे १८ वर दिसतोय. म्हणजे तो उंबरठ्याच्या १६ डेसिबल वर आहे. प्रमाण ४ असल्यामुळे त्यातले एक चतुर्थांश, म्हणजे ४ ठेवायचे आणि १२ कापायचे. संगीत १२ डेसिबल खाली गेलं. बरोबर आपल्याला हवं तेवढं. अंतर २०.

मग ताई ओट्यापासून मागे वळल्या, कॉलरचा माइक थोडा सरकला आणि पुढचं वाक्य ८ डेसिबल हळू आलं, उणे २६ वर. आता आवाज उंबरठ्याच्या फक्त ८ वर. त्यातले २ ठेवायचे, ६ कापायचे. म्हणजे संगीत १२ ऐवजी ६ च खाली गेलं. बोलणं ८ ने घसरलं आणि संगीत ६ ने वर आलं. अंतर २० होतं, ते ६ वर आलं. नेमकं जिथे संगीताने जास्त दबायला हवं होतं तिथे ते कमी दबलं. आणि ताई जिथे मोठ्याने हसून बोलल्या, जिथे संगीत तसंही नडलं नसतं, तिथे ते पार पाताळात गेलं.

यावर संगीताच्या बाजूला काही करून उपयोग नाही. उपाय निवेदनात आहे. डकिंग लावण्याआधी बोलणं एका पातळीवर आणायचं. हळू आलेली वाक्यं क्लिपवारी हाताने उचला, मग त्यावर हलका कॉम्प्रेसर लावा. वाक्यावाक्यांचं शॉर्ट-टर्म माप तीनेक एककांच्या आत खेळायला लागलं की साइडचेन शहाण्यासारखा वागतो. काही साधनांत जास्तीत जास्त किती खाली जायचं याची मर्यादा, Range नावाने, घालता येते. ती असेल तर उंबरठा बराच खाली ठेवून मर्यादा १२ वर बांधा. मग हळू बोलणं असो वा मोठं, खड्डा तेवढाच पडतो. पहिल्या जातीच्या साधनांत तर खड्डा कायम ठरलेलाच असतो. तिथे संगीताबाबत ही खोड येत नाही, पण हळू वाक्य हळूच राहतं आणि अंतर तेवढं कमी होतंच.

'पाव' गेला आणि 'नका'ही गेलं

किती खाली हे ठरलं. आता कधी खाली आणि कधी वर.

साइडचेनला बोलणं ऐकू आल्याशिवाय कळत नाही, आणि कळल्यावरही संगीत खाली न्यायला तो वेळ घेतो. या वेळेला अटॅक म्हणतात. अटॅक ३०० मिलिसेकंद ठेवला तर वाक्याचा पहिला शब्द पूर्ण मोठ्या संगीतात जातो. "पाव वाटी चिंचेचा कोळ घाला," या वाक्यातला 'पाव' असा जातो. बघणाऱ्याला ऐकू येतं, "वाटी चिंचेचा कोळ घाला." त्या वांग्यांचं पुढे काय झालं असेल ते सांगायला नको.

मग अटॅक ५ मिलिसेकंद करावा? तसं केलं की संगीत दार आपटल्यासारखं बंद होतं आणि तेच कानाला खटकतं. ४० ते ८० मधे कुठेतरी ठीक चालतं. पण खरा चांगला मार्ग वेगळा आहे. निवेदनाच्या ट्रॅकची एक प्रत काढायची, ती ३०० मिलिसेकंद आधी सरकवायची, तिचा आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि साइडचेनला फक्त ती ऐकवायची. यंत्राला वाटतं ताई बोलायला लागल्या, प्रत्यक्षात त्या अजून श्वास घेतायत. अटॅक मग आरामात २०० ठेवता येतो आणि संगीत हळुवार बाजूला होऊन पहिल्या शब्दाला जागा देतं. ऑडॅसिटीच्या Auto Duck ला हा खटाटोप लागत नाही. त्यातला Outer fade down बोलणं सुरू होण्याआधीच उतरायला लागतो, मूळ सेटिंग अर्ध्या सेकंदाचं आहे.

आता दुसरं टोक. बोलणं थांबल्यावर संगीत परत वर यायला लागणारा वेळ म्हणजे रिलीज. तो फार कमी ठेवला, समजा १५० मिलिसेकंद, तर दोन शब्दांच्या फटीतही संगीत डोकं वर काढतं. खाली, वर, खाली, वर. याला पंपिंग म्हणतात. एकदा ऐकलंत की पुन्हा विसरता येत नाही, संगीत धापा टाकतंय असं वाटत राहतं.

मराठी निवेदनात कमी रिलीजचा आणखी एक तोटा आहे आणि तो परदेशी ट्यूटोरियलमध्ये सापडणार नाही. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि नकार त्याच्याही शेवटी. वाक्य संपताना आवाजही उतरतो. "वांगी परतताना पाणी अजिबात घालू नका." यातला 'नका' हा अख्ख्या वाक्यातला सर्वांत हळू उच्चारला जाणारा शब्द असतो. 'घालू' पर्यंत आवाज उंबरठ्याच्या वर होता, 'नका' ला खाली गेला, यंत्राला वाटलं बोलणं संपलं आणि बासरी वर आली. ऐकणाऱ्याला जे उरलं त्याचा अर्थ उलटा. म्हणून रिलीज ८०० ते १,००० मिलिसेकंद ठेवावा. Hold नावाची सोय असेल, म्हणजे बोलणं संपल्यावर वर यायला सुरुवात करण्याआधी थोडं थांबणं, तर ती अर्धा सेकंद द्यावी. Auto Duck मध्ये Maximum pause असतो. त्याहून छोट्या विरामात ते संगीत वर येऊच देत नाही. मूळ सेटिंग एका सेकंदाचं आहे. ताई निवांत, थांबत थांबत बोलणाऱ्या असतील तर मी ते दोनवर नेतो.

यंत्र नक्की कोणाचं ऐकतंय?

कधी कधी ताई बोलतच नसतात आणि संगीत तरी खाली गेलेलं असतं. अशा वेळी निवेदनाचा ट्रॅक एकटा लावून ऐका. पंखा फिरतोय, मिक्सरवर वाटण चाललंय, नाहीतर खोकला आलाय. यंत्राला माणूस आणि मिक्सर यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त पातळी कळते. जिथे बोलणं नाही तिथे निवेदनाची क्लिप कापून टाकावी, हा सर्वांत साधा आणि हमखास उपाय. स्वयंपाकघराचा खरा आवाज हवाच असेल तर ते तुकडे वेगळ्या ट्रॅकवर न्यावेत. यंत्राकडे जाणाऱ्या प्रतीवर १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारा फिल्टर लावला की पंख्याची घरघर आणि ओट्यावर भांडं ठेवल्याची धपधपही बरीचशी बाद होते. तो फिल्टर फक्त यंत्राच्या कानाला असतो, व्हिडिओत ऐकू येणाऱ्या आवाजाला त्याचा स्पर्श होत नाही.

ज्यांना कमांड चालवायला भीती वाटत नाही त्यांच्यासाठी, प्रत आधी सरकवण्याची युक्ती सोडली तर, हीच मांडणी एफएफएमपेग या साधनात अशी होते:

```
ffmpeg -i nivedan.wav -i sangeet.wav -filter_complex "
[0:a]asplit=2[bol][key0];
[key0]highpass=f=100[key];
[1:a]volume=-14dB[m];
[m][key]sidechaincompress=threshold=0.02:ratio=4:attack=60:release=900[khali];
[bol][khali]amix=inputs=2:normalize=0[out]
" -map "[out]" mishran.wav
```

यात उंबरठा डेसिबलमध्ये लिहायचा नसतो, 0.02 म्हणजेच उणे ३४. `normalize=0` विसरलात तर मिसळताना दोन्ही आवाज आपोआप खाली केले जातात आणि तुमचे सगळे आकडे हलतात. आणि `nivedan.wav` ही फाईल व्हिडिओइतकीच लांब असू द्या, शेवटी शांतता भरून. नाहीतर निवेदन संपतं तिथेच संगीतही तुटतं.

फोडणीचं काय?

खास आवाजांना वरचा हिशेब लागू पडत नाही. मोहरी तडतडते तेव्हा प्रत्येक ठिणगी काही मिलिसेकंदांची असते. तिचं पीक उणे ६ ला जाईल आणि शॉर्ट-टर्म माप उणे ३० दाखवेल. तेव्हा एलयूएफएसवर भरवसा ठेवून तडतड 'उणे २० वर आणू' म्हणून वर चढवलीत तर पीक छताला धडकेल आणि हेडफोनवाला दचकेल. छोट्या आवाजांना पीकवर नजर ठेवून कानानेच बसवावं. निवेदनाच्या शिखरापेक्षा त्यांचं शिखर वर जाऊ देऊ नये, एवढं बंधन पुरतं.

त्यांना डकिंगही लावू नये. तडतड मध्येच बुडाली की ती खोटी वाटते, कारण चित्रात मोहरी तर उडतेच आहे. त्याऐवजी जागा बदला. आवाज आणि शब्द एकमेकांवर येत असतील तर निवेदनाचं वाक्य अर्धा सेकंद पुढे ढकला. "आता मोहरी घाला," मग तडतड, मग पुढचं वाक्य. फेडरला हात न लावता दोन्ही स्वच्छ ऐकू येतात. चित्रामुळे जागा बदलणं शक्यच नसेल तेव्हा तेवढ्या सेकंदापुरती तडतड हाताने ५-६ डेसिबल उतरवा. सतत चालणारे आवाज, म्हणजे रटरट उकळणं किंवा बाहेरचा पाऊस, यांचं वागणं संगीतासारखं असतं. त्यांना डकिंग चालतं, पण हलकं, ४ ते ६ डेसिबलचं. १२ ने पाऊस बुडवला तर ताई बोलायला लागल्या की पाऊस थांबतो, असं दिसेल.

कुकरची शिट्टी हा वेगळाच त्रास. कान ज्या स्वरांना सर्वांत तिखट असतो साधारण त्याच पट्ट्यात ती येते, म्हणून मीटरवर साधी दिसली तरी टोचते. ती नेहमी वाटते त्याहून थोडी खालीच ठेवा.

पातळी बरोबर, तरी शब्द अस्पष्ट

अंतर २० आहे, वेळा जमल्यात, तरी बोलणं मऊ, झाकल्यासारखं वाटतं. तेव्हा भांडण पातळीचं नसून जागेचं असतं. शब्द ओळखायला लागणारी व्यंजनं, 'स', 'श', 'च', किंवा 'प' आणि 'फ' यांतला फरक, हे सगळं साधारण २,००० हर्ट्झच्या वर राहतं आणि त्याची ताकद मुळात कमी असते. स्वरांचा भाग जोरदार असतो पण तो खाली असतो. संगीतातलं तारेचं वाद्य किंवा शेकर त्याच वरच्या पट्ट्यात वाजत असेल तर 'पार' की 'फार' ते कळत नाही. संगीतावर इक्वलायझर लावून २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास रुंद, उथळ असा ३-४ डेसिबलचा खड्डा करा. संगीत तेवढंच मोठं वाटतं आणि शब्दांना वाट मिळते. कधी कधी हे केल्यावर डकिंग १२ वरून ९ वर आणता येतं, आणि मग संगीताची ये-जा जाणवतही नाही.

वाद्याची निवडही इथे येते. बासरी, सारंगी, हार्मोनियमची चाल माणसाच्या आवाजाच्या अगदी जवळून जाते. नुसता तानपुरा किंवा गिटारचे सुटे स्वर असतील तर काम सोपं होतं. शब्द असलेलं गाणं निवेदनाखाली घालू नये. ते २५ डेसिबल खाली नेलं तरी मेंदू त्यातले शब्द शोधत बसतो.

शेवटी एकूण पातळी

सगळं जमल्यावर पूर्ण मिश्रण मोजा:

```
ffmpeg -i mishran.wav -af ebur128=peak=true -f null -
```

इथे बरेच जण गोंधळतात. निवेदन उणे १६ वर होतं, तर एकूणही उणे १६ यायला हवं ना? पण आपल्या व्हिडिओत साधारण सत्तर टक्के वेळ बोलणं आहे आणि तीस टक्के वेळ नुसतं संगीत, तेही उणे २४ वर. ते संगीत मोजणीतून वगळलं जाण्याइतकं शांत नाही, त्यामुळे सरासरी थोडी खाली ओढतं आणि आकडा उणे १७ च्या आसपास येतो. त्यात काही बिघडलेलं नाही. आता संपूर्ण मिश्रण एकत्र उचलायचं. निवेदनाचा फेडर वेगळा आणि संगीताचा वेगळा हलवलात तर आत्तापर्यंत जमवलेलं अंतर मोडेल.

किती उचलायचं ते कुठे टाकणार त्यावर. यूट्यूब साधारण उणे १४ च्या वरचे व्हिडिओ ऐकवताना खाली करतं, पण त्याहून हळू असलेले वर करत नाही. म्हणजे उणे १७ वरच ठेवून अपलोड केलात तर आधीच्या व्हिडिओनंतर तुमचा मंद वाटेल. ॲपल पॉडकास्टची शिफारस उणे १६ ची आहे, एक इकडे-तिकडे. युरोपातल्या दूरचित्रवाणीसाठी २०१० पासून R 128 नावाचं मानक आहे, त्यात उणे २३. आपल्या व्हिडिओला ३ डेसिबल उचलून उणे १४ वर नेता येईल, पण निवेदनाची शिखरं आधीच उणे ३ ला असतील तर ती छताला लागतील. शेवटी एक लिमिटर लावून शिखरं उणे १ वर अडवा. लिमिटर सतत ४-५ डेसिबल कापताना दिसला तर ओढाताण फार होतेय. मग उणे १५ किंवा १६ वर समाधान मानलेलं बरं, बोलणं चुरगळण्यापेक्षा.

आणि तपासणी स्वतः करू नका. तुम्ही ते निवेदन एडिट करताना पन्नास वेळा ऐकलेलं असतं. 'पाव' ऐकू आला नाही तरी तुमचा मेंदू तो भरून घेतो. ज्याने स्क्रिप्ट पाहिलेली नाही अशा कोणाला तरी फोनच्या स्पीकरवर, पंखा चालू असताना, आवाज निम्म्यावर ठेवून ऐकवा आणि मापं लिहून काढायला सांगा. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खालचे स्वर येतच नाहीत, त्यामुळे संगीताचा भरदार पाया निघून जातो आणि शब्दांशी भांडणारा मधला पट्टा तेवढा उरतो. हेडफोनवर छान वाटलेलं मिश्रण तिथे उघडं पडतं. लिहिलेल्या यादीत चिंचेचा कोळ एक वाटी आला असेल, तर त्या वाक्याच्या सुरुवातीचा खड्डा हाताने धरून पाव सेकंद आधी ओढा, आणि तोच तुकडा पुन्हा फोनवर लावा.